चूल दोनदा थंड ठेवली

लग्नानंतर अडीच महिन्यांनी माझ्या सासऱ्यांनी ठरवलं की पोळा झाला की मला माहेरी पाठवायचं आणि परत आणायला कुणी जायचं नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. सुनेशी ते बोलतच नसत. ओट्यावर बसून बैलाच्या वेसणीला पीळ देत देत ते माझ्या नवऱ्याला सांगत होते, आणि दाराआड मी तूर निवडत होते. आवाज जरा चढवून बोलले, म्हणजे मला ऐकू यावं असाच बेत होता.

कारण माझं अंग. आषाढ लागला तशी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग मनगटं, काखा, बेंबीभोवती, कमरेला लुगड्याची गाठ बसते तिथे. दिवसा काम असायचं म्हणून निभायचं. अंथरुणात ऊब आली की मात्र जीव नकोसा व्हायचा. खाजवून खाजवून पुरळाच्या खपल्या झाल्या, खपल्यांतून पाणी येऊ लागलं. शेजारणीने विहिरीवर माझे हात पाहिले आणि आपली घागर बाजूला सरकवली. दोन दिवसांत गल्लीभर झालं की यांच्या नव्या सुनेने माहेराहून रोग आणला. कुणी महारोग म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच शब्द होता.

आमचं गाव तापीकाठी, शहाद्यापासून बैलगाडीने दोन-अडीच तासांवर. घरात चारच माणसं: सासू, सासरे, नवरा आणि मी. कापूस, केळी, दारात दोन बैल आणि एक म्हैस. आमचे लोक कधीकाळी गुजरातेतून आलेले. पिढ्या उलटल्या, बोलणं इथल्या अहिराणीत मिसळून गेलं, पण काही सणवार अजून तिकडचेच राहिले होते. सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या फार कडक. आंघोळीशिवाय चुलीला हात नाही, आणि चुलीपुढे बसल्यावर दर थोड्या वेळाने हात धुवायचे. पीठ मळायच्या आधी, भाजी चिरली की, म्हैस पिळायच्या आधी, पिळून झाली की. त्या घरातल्या बायका दिवसातून जितक्या वेळा हात धूत तितक्या वेळा कुणी श्वास तरी घेत असेल का, असं मला तेव्हा रागाने वाटे.

खाज दिसली तशी त्यांनी माझं ताट वेगळं केलं. लग्नानंतरचे पहिले पंधरा दिवस, नवी सून म्हणून, त्यांनी मला आपल्याच गोधडीत आपल्याशेजारी निजवलं होतं. आता माझी गोधडी मागच्या पडवीत गेली. मला वाईट वाटलं, पण त्याहून संताप आला. मी सातवी पास झालेली मुलगी, माहेरी सगळ्यात टापटिपीची म्हणून नाव असलेली. माझ्या अंगावर घाण आहे असं कुणी म्हणावं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

नवरा बोलका नव्हता. पण बाजाराच्या दिवशी त्याने गाडी जुंपली आणि म्हणाला, शहाद्याला दवाखान्यात जाऊ. सासऱ्यांना त्याने सांगितलं की सरकी आणायची आहे. त्याच्या आयुष्यातली बापाशी केलेली ती पहिली लबाडी असावी. वाटभर तो घाबरलेला होता.

दवाखान्यातल्या नर्सबाई घाटावरच्या, पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी माझा हात उजेडात धरला, बोटांच्या मधली कातडी ताणून पाहिली. तिथे केसासारख्या बारीक, वाकड्या रेघा होत्या. हा महारोग नाही, ही खरूज, असं त्यांनी म्हटलं तेव्हा मी तिथेच रडले. त्या थांबल्या नाहीत. खाज कधी सुरू झाली विचारलं, लग्न कधी झालं विचारलं, माहेरी कुणाला आहे का विचारलं. माहेरी कुणालाच नव्हतं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी जन्मभर विसरले नाही.

"पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगात शिरल्यावर खाज सुटायला महिना-दीड महिना लागतो. तू हे माहेराहून आणलेलं नाहीस. सासरी आल्यावर तू कुणाला चिकटून निजत होतीस ते आठव."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने शर्टाच्या बाह्या वर करून दाखवल्या. मनगटावर दोन-चार पुरळ, तेही नवे. त्याला ते माझ्यामुळे झालेलं होतं. मग उरलं कोण, ते मला कळत होतं, पण तो विचार मी मनातल्या मनातसुद्धा पुरा केला नाही. सुनेने असा विचार करायचा नसतो.

नर्सबाईंनी पांढरं, दुधासारखं औषध बाटलीत भरून दिलं. आंघोळ करून अंग पुरतं कोरडं करायचं. मग हनुवटीखालून तळपायापर्यंत एक बोटभर जागा न सोडता फडक्याने लावायचं. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, काखेत, छातीखाली, बेंबीत, जांघेत, ढुंगणावर, पायाच्या बोटांत. दुखतंय तिथेच लावायचं नाही, सगळीकडे. वाळलं की वरून आणखी एक थर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत आंघोळ नाही. हात धुवावेच लागले तर हातांना पुन्हा लावायचं. मग आंघोळ आणि उकळलेले कपडे. आठ दिवसांनी हे सगळं पुन्हा एकदा, कारण अंड्यांतून मागून निघतात ते पहिल्या वेळी मरतीलच असं नाही. आणि घरातल्या प्रत्येकाने एकाच दिवशी लावायचं, खाज असो वा नसो.

शेवटचं ऐकून नवरा हसला, म्हणजे घाबरून हसला. आमच्या घरी सासऱ्यांना औषध लावायला कोण सांगणार होतं?

त्यामुळे ती पहिली खेप आम्ही दोघांनीच केली, आणि वाया घालवली. मी न्हाणीत दार लावून अंगाला औषध चोपडलं. खाजवलेल्या जागी इतकी आग झाली की पदर दातात धरावा लागला. पण हिरव्या चुड्याने दोन्ही मनगटं भरलेली होती, आणि नव्या सवाष्णीने चुडा उतरवायचा नसतो, म्हणून बांगड्यांखाली मी हातच घातला नाही. अंधार सरायच्या आत सासूबाईंनी उठवलं; आंघोळ करून चुलीला लागायला हवं होतं. औषध अंगावर पुरती रात्रही राहिलं नाही. हातांवर तर ते पहिल्या भाकरीच्या आधीच धुऊन गेलं होतं.

चार-पाच दिवस बरं वाटलं. मग पुन्हा सुरू. औषधाचा वास घरात लपला नव्हता; सासऱ्यांनी ओट्यावरची ती गोष्ट त्यानंतर काढली. औषधानेही जात नाही म्हणजे काय ते समजून घे, असं म्हणाले.

पुढच्या बाजारी मी पुन्हा नर्सबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी माझा चुडा कोपराकडे ढकलला. खाली पुरळाची गच्च रांग होती. त्या चिडल्या, आणि मला ते आवडलं, कारण इतके दिवस सगळे माझ्यावर चिडत होते आणि या माझ्यासाठी चिडत होत्या. हात किती वेळा धुतलेस, आंघोळ कधी केलीस, घरात आणखी कुणी लावलं, असं एकेक विचारून शेवटी म्हणाल्या, "हे तू औषध लावलंच नाहीस असं समज." मोठी बाटली दिली, चौघांना दोनदा पुरेल इतकी. आणि बजावलं की नीट लावल्यावरही अंग दोन-तीन आठवडे खाजत राहील. किडे मेले तरी कातडीला कळायला वेळ लागतो. तेवढ्यावरून गेलं नाही म्हणू नकोस, आणि रोज रोज चोपडूही नकोस. नव्या रेघा उठतात का ते बघ.

पोळ्याला तेरा-चौदा दिवस राहिले होते. बाटली मी पडवीत कणगीमागे ठेवली. चौघांचं औषध होतं आणि घरात सांगायची हिंमत आम्हा दोघांतल्या एकालाही नव्हती.

आता इथे बांगड्यांचं सांगायला हवं. सासूबाईंच्या हातात काचेच्या बारा-बारा बांगड्या होत्या, घट्ट, वर्षानुवर्षांच्या. भाकरी थापताना त्या वाजत, दळताना वाजत, ते ठीकच. पण त्या काम नसतानाही वाजत. देवापुढे डोळे मिटून बसल्या असताना वाजत. म्हशीपाशी उभ्या असताना वाजत. पूर्वी माझ्या ते कानावर पडे, पण डोक्यात जात नसे. आता दर वेळी मी हातातलं काम थांबवून ऐकू लागले. एकदा मी वळून पाहिलं तर त्या गोठ्याच्या खांबाच्या कडेवर मनगट घासत होत्या. मला पाहून त्यांनी हात पदराखाली घेतला आणि शेण का काढलं नाही म्हणून माझ्यावर ओरडल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझं ताट वेगळं करताना माहीत होतं, गोधडी पडवीत फेकताना माहीत होतं, सासरे ओट्यावर बोलत होते तेव्हा आत बसून वाती वळतानाही माहीत होतं. मला इतका राग आला की हातातला खराटा त्यांच्या अंगावर टाकावासा वाटला. पण बोलून दाखवलं असतं तर काय झालं असतं? सासूवर रोग ढकलणारी सून पोळ्यापर्यंतही टिकली नसती. न बोलावं तर पोळ्यानंतर जायचंच होतं.

श्रावणातल्या वद्य सप्तमीला आमच्यात शीतळा सातम असते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. सगळा स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवायचा, रात्री चूल सारवून तिची पूजा करायची, आणि सातमीला सकाळी गार पाण्याने आंघोळ करून शिळंच खायचं. अंगावरची देवी ती, देवी-गोवर तिच्या हातात. तिच्या दिवशी विस्तव पेटवून तिला भाजायचं नाही, असं सगळे मानत.

षष्ठीच्या दुपारी आम्ही दोघी ठेपले लाटत होतो. बाहेर झड लागलेली. पुरुष शेतात. सासूबाई पीठ मळत होत्या, आणि मळता मळता थांबल्या, आणि बांगड्या वाजल्या. मी लाटणं खाली ठेवलं.

"आत्या, हात दखाडा."

मला वाटलं आता परात अंगावर येते. पण त्यांनी पिठाचा हात तसाच पुढे केला. मी बांगड्या वर सरकवल्या. माझ्यापेक्षा वाईट होतं. कातडी जाड झालेली, काळी पडलेली, मध्ये मध्ये रक्ताळलेली. दिवाळीपासून होतं, त्या म्हणाल्या. बहिणीच्या आजारपणात तिच्याजवळ महिनाभर निजून आल्या होत्या. आणि मग एकदम धाप लागल्यासारखं बोलत सुटल्या. त्या नव्या असताना त्यांच्या थोरल्या जावेच्या अंगावर पांढरा डाग उठला होता. तिला गोठ्याच्या कोपऱ्यात खाट घालून दिली. ती तिथेच राहिली, मरेपर्यंत. तिचं ताट न्यायचं काम यांच्याकडे होतं.

"मन्ही चूल गयी ते मी काय ऱ्हायनी?" त्या म्हणाल्या.

मला दया आली, हे खरं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की स्वतःची चूल वाचवायला यांनी माझा संसार चुलीत घातला. दोन्ही एकदम वाटत होतं. मी उठून कणगीमागून बाटली आणली आणि नर्सबाईंनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. चौघांनी, एकाच दिवशी, एक दिवस हात न धुता.

सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग चुलीकडे. सोवळ्याची सगळी गणितं त्यांना तोंडपाठ.

"सकाळे चुल्हा थंडा शे," त्या म्हणाल्या. "आठमले उपास शे. हात कसाले धोवा लागतीन?"

मला हसू आलं, रडूही आलं. सातमीला स्वयंपाक नाही, भांडी नाहीत. अष्टमीला गोकुळाष्टमीचा उपवास, म्हणजे सकाळची घाई नाही. सातमीच्या आंघोळीनंतर लावलेलं औषध अष्टमीला त्याच वेळेपर्यंत सुखाने अंगावर राहील. म्हैस पिळायला शेजारच्या काकूंना सांगता येईल. आजवर ज्या सोवळ्याने माझं औषध धुऊन टाकलं होतं, त्यातलाच दिवस त्यांनी काढून दिला.

त्याच संध्याकाळी, चूल विझायच्या आत, आम्ही मोठ्या हंड्यात सगळ्यांचे कपडे आणि धाबळ्या उकळल्या आणि पडवीत दोऱ्यांवर टाकल्या. गोधड्या पावसात वाळणार नव्हत्या. त्या घट्ट बांधून माळ्यावर फेकल्या, आठवडाभर कुणी अंगाशी घ्यायच्या नाहीत म्हणून. सासऱ्यांना सासूबाईंनी काय सांगितलं असेल? देवीचं सांगणं आहे म्हणाल्या. अंगाला पांढरं लावून घरात बसायचं, शेतात जायचं नाही, भिजायचं नाही. देवीच्या नावाला ते भ्यायचे. बिचारे कबूल झाले. दुसऱ्या दिवशी बाप-लेक दोघं आतल्या खोलीत एकमेकांच्या पाठीला औषध लावत होते, आणि सासरे मोठ्याने देवीचं नाव घेत होते, कारण त्यांनाही आग होत होती.

न्हाणीत आम्ही दोघी होतो. बांगड्यांपाशी सासूबाई अडल्या. सवाष्णीचं मनगट रिकामं ठेवायचं नाही. मग त्यांनीच हळदीत दोरा बुडवून आणला. एका हाताला साबण लावून मी बांगड्या उतरवल्या, दोन फुटल्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. रिकाम्या हाताला आधी औषध, ते वाळल्यावर वर सैलसर दोरा, मग दुसरा हात. नंतर त्यांनी माझा चुडा उतरवला आणि मला दोरा बांधला. दोऱ्याखालीही मी पुन्हा फडकं फिरवलं. त्यांच्या पाठीचा, कमरेचा, तळव्यांचा एक कोपरा मी सोडला नाही. त्या लाजत होत्या, मी सोडत नव्हते. इतक्या दिवसांचा राग मी त्या फडक्याने काढला असं म्हटलं तरी चालेल.

एक पूर्ण दिवस आम्ही त्या वासात बसून काढला. मग आंघोळ, उकळलेले कपडे, आणि पुन्हा भरलेले चुडे. पहिली खेप पार पडली.

खरी पंचाईत दुसऱ्या खेपेला होती. आठ दिवस मोजले तर येत होता पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी देवीचं सांगणं नाही, थंड चूल नाही. उलट पोळ्याची तयारी: बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावायची, पुरण घालायचं, पाहुणे यायचे. आणि पोळ्याच्या संध्याकाळी माझा भाऊ मला न्यायला येणार, असा निरोप गेलेला होता. त्यात मी अजून खाजवत होते. नव्या रेघा नव्हत्या, खपल्या गळत होत्या, रात्री झोप लागत होती, पण खाज थोडी थोडी होतीच, नर्सबाईंनी सांगितलं होतं तशीच. सासऱ्यांनी ते पाहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चूल पेटवली नाही. सासरे आत येऊन उभे राहिले. आज पुन्हा काय, त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ते औषध आणखी एकदा लावायचं आहे. सासऱ्यांचा आवाज चढला. देवी सणाच्या आदल्या दिवशी पुन्हा येते का? घर उपाशी ठेवायचं, बैलांच्या खांदेमळणीला हात नाहीत, ते सगळं कुणासाठी? उद्या ही जाणारच आहे. तिची खाज तिच्याबरोबर जाईल.

मी भिंतीला टेकून उभी होते. नवरा दारात उभा होता. सासूबाई आता परत देवीचं नाव घेतील, आणि सासरे ऐकणार नाहीत, आणि त्या सरपणाला हात घालतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

त्या उठल्या. सासऱ्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांच्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. जाड काळी कातडी सुकत आलेली होती, पण व्रण लपण्यासारखे नव्हते.

"देवी नही," त्या म्हणाल्या. "खाज मन्ही शे. दिवाळीपासून. वहूले मीच लावी दिनी. पाठवनं व्हयी ते माले पाठवा."

सासऱ्यांनी त्यांचे हात पाहिले. बराच वेळ पाहिले. मला वाटतं गोठ्यातली ती खाट त्यांनाही आठवली असावी. ती त्यांच्याच मोठ्या भावाची बायको होती. मग त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून खुंटीला अडकवला, सदरा काढला, आणि नवऱ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसले. बाटली आण, इतकंच म्हणाले.

बैलांची खांदेमळणी त्या वर्षी शेजाऱ्यांनी केली. आमच्या घरी दिवसभर धूर निघाला नाही आणि गल्लीने त्याच्यावर पुष्कळ चर्चा केली. पोळ्याच्या दिवशी वेळ भरल्यावर आंघोळी झाल्या, मग चूल पेटली, मग पुरण शिजलं. बैल दुपारपर्यंत नैवेद्याची वाट पाहत उभे होते.

संध्याकाळी भाऊ आला. सासऱ्यांनी त्याच्या पुढ्यात पोळी वाढायला लावली आणि, माझ्याकडे न पाहताच, सांगितलं की नवरात्राआधी आपण स्वतः गाडी घेऊन येऊ, तिला तयार ठेवा.

मी भावाबरोबर गेले, आणि सांगितल्याप्रमाणे ते आले. मी परतले त्या रात्री पडवीत माझी गोधडी नव्हती. सासूबाईंनी माळ्यावरचं गाठोडं सोडून, धुऊन, उन्हात टाकून ठेवलेली आपली जुनी गोधडी आतल्या घरात अंथरली होती, दोघींना पुरेल अशी रुंद. त्या एका कडेला सरकून पडल्या होत्या आणि माझ्या बाजूची जागा हाताने सारखी करत होत्या. मी त्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. ते दोन महिने मी आजही त्यांच्या नावावरच ठेवले आहेत. पण मी जाऊन तिथे निजले, आणि रात्रभर त्यांच्या बांगड्या वाजल्या नाहीत.